पडद्यावर ९३ टक्के, वहीत ५७८ गुण

नमस्कार मॅडम,

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात पहिलं वर्ष संपवून सुट्टीत घरी आलेय आणि घरूनच त्यांचा स्टॅटिस्टिक्सचा ऑनलाइन समर कोर्स करतेय. कोर्स १००० गुणांचा आहे. दहा क्विझ प्रत्येकी २०, सहा होमवर्क प्रत्येकी ५०, पाच डिस्कशन प्रत्येकी २०, मिडटर्म १५० आणि फायनल २५०. सिलॅबसमध्ये लिहिलंय की ९०० गुणांना ए, ८०० ला बी; प्लस-मायनस नाही. आत्तापर्यंत सात क्विझमध्ये १४० पैकी १३१, पाच होमवर्कमध्ये २५० पैकी २३९, चार डिस्कशनमध्ये ८० पैकी ७८ आणि मिडटर्ममध्ये १५० पैकी १३० मिळालेत. जुलैत ताप आला तेव्हा एक क्विझ राहिली, ती प्राध्यापकांनी माफ केली. तिथे आता `EX` दिसतं. दोन क्विझ, एक होमवर्क, एक डिस्कशन आणि फायनल बाकी आहे. मिडटर्म आणि फायनल दोन्हीत बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी ५ गुणांचे. कॅनव्हासवर, म्हणजे कोर्सच्या ऑनलाइन पोर्टलवर, माझे ९३.२३ टक्के दिसतात. बाबा म्हणतात ए पक्का. तिथली रूममेट म्हणते बी येईल. कोणाचं खरं? फायनल पुढच्या शुक्रवारी आहे.

— ऋ., ठाणे

*

प्रिय ऋ.,

बाबांनी पडदा वाचला, रूममेटने सिलॅबस वाचला. ग्रेड सिलॅबसवरून लागते, म्हणून आधी रूममेटचं ऐकू. ती म्हणते तितकं वाईट नाही, पण ती उगाच घाबरवत नाहीये एवढं नक्की.

आपल्याकडे सिलॅबस म्हटलं की धडे आणि युनिट डोळ्यांसमोर येतात. तिथल्या कोर्सचा सिलॅबस म्हणजे करारपत्रच. किती गुणांचं काय, उशीर झाला तर किती कापणार, कितीला कुठलं अक्षर, सगळं पहिल्याच आठवड्यात लिहून दिलेलं असतं. तुझ्या करारात टक्का हा शब्दच नाही. ९०० गुण जमव, ए घे, इतकाच व्यवहार आहे.

तेव्हा कॅनव्हास बाजूला ठेव आणि वही घे. १३१, २३९, ७८, १३०. बेरीज ५७८. हे तुझे खिशात पडलेले गुण. ९०० ला अजून ३२२ हवेत. बाकी काय आहे? क्विझचे ४०, होमवर्कचे ५०, डिस्कशनचे २० आणि फायनलचे २५०, म्हणजे ३६०. आता यातलं एकही उत्तर चुकवलं नाहीस तरी तू ९३८ ला थांबणार. १००० तुझ्यासाठी आता नाहीतच.

हाच हिशोब मी विद्यार्थ्यांना उलट्या बाजूने करायला सांगते, तो डोक्यात जास्त चांगला बसतो. १००० पैकी ९०० हवेत, म्हणजे चुका करायला १०० गुण मिळालेत. पहिल्या दिवशी हातात दिलेला खर्चाचा पैसा समज. त्यातले ४२ तू आजवर चुकांमध्ये घालवलेस. २० तापाने नेले. उरले ३८. या ३८ मध्ये दोन क्विझ, एक होमवर्क, एक डिस्कशन आणि अख्खी फायनल बसवायची आहे.

आता म्हणशील, ताप आला ते प्राध्यापकांनी माफ केलंय, मग २० माझ्या खर्चात का धरता? तुझ्या पत्रात खरी गाठ इथेच आहे. ती नीट सोडवू.

टक्क्यांच्या हिशोबात अंश असतो आणि छेद असतो. माफ केलेली क्विझ अंशातून जाते तशी छेदातूनही जाते. १००० चे ९८० होतात, ९० टक्क्यांची रेघ ८८२ वर येते आणि कोणाचं काही बिघडत नाही. दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह घेतलं तेव्हा सहावा विषय ६०० च्या छेदातूनही गेला होता, म्हणून तर टक्के वाढले होते. आपली सगळ्यांची बुद्धी त्याच सवयीवर पोसलेली. तुझ्या कोर्सला छेद नाही. ९०० हा आकडा भिंतीवर खिळा मारून लावलाय. क्विझ माफ झाली म्हणून तो ८८२ होत नाही. फ्रिजसाठी भिशी लावली आणि भिशीवाल्या काकू प्रेमाने म्हणाल्या, या महिन्याचे राहू देत, तरी दुकानदार फ्रिज तेवढ्यालाच देतो. तसंच.

त्यामुळे नुसते गुण मोजणाऱ्या कोर्समध्ये `EX` आणि शून्य यांची किंमत सारखीच असते. दोन्हीकडे खिशात काही पडत नाही. टक्क्यांच्या कोर्समध्ये शून्य म्हणजे थप्पड आणि माफी म्हणजे माफी. इथे दोन्हीचं वजन २० गुणच. प्राध्यापकांचा हेतू चांगलाच होता, यात मला शंका नाही. त्यांनी एक बटण दाबलं आणि त्यांना वाटलं काम झालं. बटणामागचं यंत्र टक्क्यांत विचार करतं आणि त्यांचा सिलॅबस गुणांत, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मला हे इतक्या खात्रीने कळतं, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. तिकडे शिकत असताना मी एका मोठ्या कोर्सची टीचिंग असिस्टंट होते. बर्फामुळे विद्यापीठ बंद राहिलं आणि ४० गुणांचा एक होमवर्क सरांनी सगळ्यांसाठी रद्द केला. मी तो कॅनव्हासवरून काढला आणि निवांत झाले. रेघा ९००, ८००, ७०० तशाच राहिल्या. ग्रेड लागल्यावर एक मुलगा कागद घेऊन आला. त्याचे ८६८ होते, हातात बी. ९६० पैकी ८६८ म्हणजे ९० टक्क्यांच्या वर, आणि मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. सर मुळात सगळ्यांना ते ४० गुण वाटून टाकायच्या विचारात होते. मग बसून पाहिलं तर त्याने ८६१ वाला मुलगा ९०१ वर जात होता, आणि ८६१ म्हणजे ९६० च्या ९० टक्क्यांपेक्षा कमी. शेवटी रेघाच त्या प्रमाणात खाली आणल्या, ए साठी ८६४. तो मुलगा ए मध्ये आला, बाकी कोणाचं नुकसान झालं नाही, फुकटही कोणाला काही गेलं नाही. पण ग्रेड लागल्यानंतर त्या बदलायला जितके फॉर्म भरावे लागले, तितके मी व्हिसासाठीही भरले नव्हते.

आता तुझ्या फायनलवर येऊ. छोट्या चार गोष्टी मिळून ११० गुणांच्या आहेत. तुझी आजवरची चाल बघता त्यात साधारण १०४ येतील असं धरू. सहा गेले, म्हणजे ३८ मधले ३२ उरले. प्रत्येक प्रश्न ५ चा, म्हणजे फायनलच्या ५० प्रश्नांत सहा चुकले तर चालतील. सातवा चुकला की गेलं. मिडटर्मला ३० पैकी चार चुकले होते. त्याच गतीने ५० प्रश्नांत सहा ते सात चुकतात. अगदी काठावर आहेस.

दोन्ही शक्यता शेवटपर्यंत नेऊन बघ. सहा चुकले तर फायनलचे २२०, एकूण ९०२, ए. सात चुकले तर २१५, एकूण ८९७, बी. आणि त्या दुसऱ्या दिवशी कॅनव्हास काय दाखवेल? ९८० पैकी ८९७, म्हणजे ९१.५३ टक्के. बाबा पेढ्यांची ऑर्डर देऊन येतील आणि ट्रान्सक्रिप्टवर बी छापलेला असेल. पडद्यावरच्या टक्क्यांशेजारी अक्षर दिसत असेल तर त्यावरही विसंबू नकोस. ते अक्षर टक्क्यांवरून लावलेलं असू शकतं.

त्या २० गुणांचा रास्त हिशोब झाला तर चित्र किती बदलतं? ९८० च्या हिशोबाने चुकांसाठी ९८ मिळतात. त्यातले ४२ गेले, ५६ उरले. छोट्या गोष्टींत सहा गेले की फायनलला ५०. म्हणजे दहा प्रश्न चुकले तरी ए. सहा आणि दहा यांच्यामधले चार प्रश्न हीच तुझ्या तापाची किंमत, आणि ते चार प्रश्न अभ्यासाने कमावण्याआधी एका ईमेलने परत मिळतात का, ते बघायला हवं.

ईमेल आजच कर. फायनलच्या आधी विचारलंस तर तो नियमाचा प्रश्न असतो आणि प्राध्यापक नियमासारखंच उत्तर देतात. ८९७ लागल्यावर विचारलंस तर तीच ओळ ग्रेडसाठी केलेली घासाघीस वाटते, आणि तशा ईमेलचा सेमिस्टरच्या शेवटी त्यांच्याकडे ढीग असतो. मजकूर चार-पाच ओळींचा ठेव. कोर्सचा नंबर, कुठली क्विझ, कुठल्या तारखेला माफ केली. मग सरळ लिही: सिलॅबसप्रमाणे ए साठी ९०० गुण लागतात, माझ्या बाबतीत उपलब्ध गुण ९८० आहेत, तर या २० गुणांचा हिशोब शेवटी कसा केला जाईल? मला ए हवा आहे, मी खूप मेहनत केली, घरच्यांच्या अपेक्षा आहेत, यातलं काही लिहू नकोस. ते सगळं खरं असेल, पण त्याने तुझा नेमका प्रश्न झाकला जातो.

त्यांच्याकडून तीनपैकी एक उत्तर येण्याची शक्यता आहे. एक, ती क्विझ पुन्हा देता येईल. तुझी क्विझची सरासरी २० पैकी १८ आणि १९ च्या मधे आहे, तेव्हा १८ जरी पडले तरी फायनलला दहा चुका परवडतात. दोन, बाकीच्या क्विझची सरासरी तिथे भरली जाईल. तुझ्या १४० पैकी १३१ वरून ते १८.७ गुण होतात, परिणाम तोच. तीन, शेवटची बेरीज १००० च्या प्रमाणात वाढवली जाईल किंवा तुझी रेघ ८८२ धरली जाईल, ज्या एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत. मला विचारशील तर तिसरं सर्वात स्वच्छ, कारण त्यात नव्याने परीक्षा नाही आणि अंदाजाने भरलेले गुणही नाहीत. पण निवड त्यांची. तू यातलं एक पुढे करून आग्रह धरू नकोस.

चौथंही उत्तर येऊ शकतं: सिलॅबसमध्ये लिहिलंय तेच, ९०० म्हणजे ९००. काही प्राध्यापक मुद्दाम जास्तीचे गुण ठेवतात, म्हणजे १०५० गुणांचं काम देतात आणि ए ची रेघ ९०० वरच ठेवतात, जेणेकरून एखादी गोष्ट राहिली तरी कोणी येऊन रडू नये. तिथे असं उत्तर अगदी योग्य असतं. तू दिलेले आकडे बरोबर १००० भरतात, म्हणजे तुझ्या कोर्सला ती उशी नाही. तरीही सिलॅबस एकदा शेवटच्या पानापर्यंत वाच. एक्स्ट्रा क्रेडिट असेल तर ते बहुधा अशा शेवटच्या पानावरच सापडतं, आणि गुणांच्या कोर्समध्ये १० गुणांचं एक्स्ट्रा क्रेडिट म्हणजे सरळ १० गुण, फायनलचे दोन प्रश्न. राउंडिंग नाही असंही तिथे लिहिलं असेल. तसं असेल तर ८९९ हे ८९९ च, आपल्या विद्यापीठातल्या ग्रेस मार्कांची आठवण काढू नकोस.

उत्तर काहीही येवो, या आठवड्यात एक गोष्ट वेगळी कर. तुझ्या कोर्समध्ये गुण कुठलाही असो, त्याची किंमत एकच आहे. टक्क्यांचे विभाग पाडलेल्या कोर्समध्ये फायनल ४० टक्के आणि डिस्कशन ५ टक्के असलं काही असतं आणि तिथे डिस्कशन हलक्यात घेणं एक वेळ चालतं. तुझ्याकडे डिस्कशनचे ५ गुण आणि फायनलचा एक प्रश्न, दोन्ही सारखेच वजनदार. फक्त मिळवायला सारखे अवघड नाहीत. फायनलचा एक जास्तीचा प्रश्न सुटावा म्हणून तू दोन संध्याकाळी हायपोथिसिस टेस्टिंग घोकशील. उलट डिस्कशनला बहुतेकदा दोन वर्गमित्रांना उत्तर लिहायची अट असते, ती विसरलं की चार-पाच गुण जातात. होमवर्कमध्ये पायऱ्या न दाखवता थेट उत्तर लिहिलं की तेवढेच जातात. छोट्या ११० मध्ये सहा गमवायच्या ऐवजी एकच गमावलास तर फायनलला सातवी चूकही परवडते. ९०० चा नियम जराही न हलता.

आणि वेळ. तू घोडबंदर रोडला, घड्याळ पश्चिम किनाऱ्याचं. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्या साडेबारा तास मागे असते. तिथली रात्रीची ११:५९ म्हणजे तुझ्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारची १२:२९. ही अर्ध्या तासाची भानगड मुलं विसरतात आणि उशिराचे १० टक्के कापून घेतात. होमवर्कच्या ५० चे १० टक्के म्हणजे पुन्हा तेच ५ गुण.

बाबांना समजवायचं असेल तर कॅनव्हासवरच दाखव. ग्रेडच्या पानावर `Calculate based only on graded assignments` असा चौकोन असतो, त्यातली खूण काढ. आता न झालेल्या गोष्टी शून्य धरल्या जातील आणि ९३.२३ चे एकदम ५८.९८ होतील. बाबा दचकतील, पण खाली बघायला सांग: ५७८ भागिले ९८०. तिथे १००० दिसायला हवे होते, ९८० दिसतात. हरवलेले २० तिथेच पकडता येतात. मग खूण परत लाव आणि बाकीच्या पाच ओळींत अंदाजाचे गुण भरून बघ. तिथे गुणावर टिचकी मारली की खोटा आकडा टाकता येतो, तो फक्त तुलाच दिसतो. टक्क्यांकडे लक्ष देऊ नकोस, मिळालेल्या गुणांची बेरीज तेवढी वाच आणि ९०० शी ताडून बघ.

बी ची काळजी मात्र सोड. ८०० साठी तुला २२२ लागतात, छोट्यांतून १०४ आले की फायनलला ५० पैकी २४ प्रश्न पुरतात. शिवाय प्लस-मायनस नसल्यामुळे ८०० चा बी आणि ८९७ चा बी ट्रान्सक्रिप्टवर सारखेच दिसतात. शुक्रवारी पेपरला बसशील तेव्हा फक्त सहा किंवा दहा यापैकी एक आकडा तुझ्या डोक्यात असू दे. त्यातला कुठला, ते प्राध्यापकांच्या उत्तरावरून कळेल. उत्तर ईमेलवरच घे आणि जपून ठेव. झूमवर तोंडी सांगितलं तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठव, की आज आपण असं म्हणालात, मी बरोबर समजले ना. ग्रेड भरायला कोणी वेगळा असिस्टंट बसला असेल, तर त्याला तुझा ताप माहीत नसतो. त्याला फक्त ९०० माहीत असतात.